‘रद्द झाल्यास’ की ‘रद्द केल्यास’: सहलीच्या अटी मराठीत आणताना

एका सहल आयोजकाने आपल्या परदेश सहलीच्या अटींचा चार पानी इंग्रजी मजकूर मला मराठीत करायला दिला होता. काम दोन दिवसांत संपेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात तीन आठवडे लागले आणि त्यातला बहुतेक वेळ फोर्स मेजर, नॉन-रिफंडेबल डिपॉझिट आणि सिंगल सप्लिमेंट या तीनच शब्दप्रयोगांनी घेतला.

पहिला मसुदा मी शब्दकोश जवळ ठेवून केला. त्यात अनुक्रमे ‘दैवी आपत्ती’, ‘ना-परतावा अनामत’ आणि ‘एकल पूरक शुल्क’ असे प्रतिशब्द आले. माझी मावशी आणि तिची मैत्रीण त्याच सुमारास अशा एका सहलीचा विचार करत होत्या, म्हणून तो मसुदा मी मावशीला वाचायला दिला. “कळलं का?” असे विचारले की माणसे सौजन्याने “हो” म्हणतात, म्हणून मी तिला थेट एक प्रसंग घालून दिला. “समज, तुम्ही दोघींनी नाव नोंदवलं आणि तुझी मैत्रीण ऐन वेळी आली नाही. तिला काय परत मिळेल आणि तुला काय भरावं लागेल?”

मावशीने ती कलमे दोनदा वाचली. “अनामत आहे म्हटल्यावर तिला ती परत मिळणारच,” ती म्हणाली, “आणि हे एकल पूरक म्हणजे एकट्या बाईला देतात ती काही जास्तीची सोय असेल.” दोन्ही उत्तरे नेमकी उलटी होती, आणि दोष तिचा नसून माझ्या शब्दांचा होता.

मराठीत ‘अनामत’ म्हणजे दुसऱ्याकडे ठेवलेली, पण आपलीच राहिलेली रक्कम. भाड्याचे घर सोडले की ती परत घ्यायची असते. तिच्यामागे ‘ना-परतावा’ जोडले, तरी वाचणाऱ्याच्या मनात मूळ शब्दाचाच अर्थ उमटतो. जमीन-जुमल्याच्या व्यवहारातला ‘विसार’ हा शब्द अर्थाने अधिक जवळचा आहे, कारण विसार एकूण किमतीत वळता होतो आणि घेणाऱ्याने माघार घेतली तर बुडतो. मात्र सहलीच्या संदर्भात तो परका वाटला असता, म्हणून मी ‘नोंदणीची आगाऊ रक्कम’ असे लिहिले आणि पुढे ‘सहल रद्द झाल्यास ती परत मिळणार नाही’ हे वाक्य जोडले.

खरी चूक या वाक्यातच होती आणि ती लक्षात यायला मला दोन दिवस लागले. सहल ‘रद्द झाल्यास’ म्हणजे कोणी रद्द केल्यास? इंग्रजी मजकुरात रद्द होणे हे नामरूपाने आले होते आणि त्यात कर्त्याचा पत्ता नव्हता. ‘झाल्यास’ लिहून मीही कर्ता दडवला होता, आणि त्या वाक्याप्रमाणे आयोजकाने स्वतः सहल रद्द केली तरी प्रवाशाची रक्कम बुडाली असती. ‘केल्यास’ म्हटले की ‘कोणी’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. मी चारही पानांतली ‘झाल्यास’ची वाक्ये अधोरेखित केली. अशी अकरा वाक्ये निघाली आणि प्रत्येकापुढे मी आयोजकासाठी प्रश्न लिहिला. त्यांच्या उत्तरानंतर कलम असे झाले: ‘नोंदणी करताना भरलेली आगाऊ रक्कम सहलीच्या एकूण किमतीत धरली जाईल. तुम्ही सहल रद्द केलीत, तर ही रक्कम परत मिळणार नाही. आम्ही सहल रद्द केली, तर ती पूर्ण परत मिळेल.’

सिंगल सप्लिमेंटसाठी ‘एकट्या प्रवाशासाठी अतिरिक्त शुल्क’ हा प्रतिशब्द सर्रास दिसतो, पण तो वाचून एकटे असण्याचाच दंड भरतो आहोत असे वाटते. शिवाय हे शुल्क कशाचे, ते त्यातून कळत नाही. हॉटेल भाडे खोलीमागे घेते, सहलीची किंमत मात्र माणशी सांगितली जाते, आणि ती सांगताना एका खोलीत दोघे राहतील असे गृहीत धरलेले असते. हिशेबासाठी सहलीची किंमत माणशी 100, नोंदणीची आगाऊ रक्कम 20 आणि किमतीतला खोलीचा वाटा 40 धरू. खोलीचे पूर्ण भाडे 80 झाले. त्या खोलीत एकच व्यक्ती राहिली, तर उरलेले 40 कोणीतरी भरायचे असतात. बस, तिकीट आणि जेवण यांचा खर्च माणशीच असल्यामुळे त्यात फरक पडत नाही. म्हणून मी शुल्काचे नाव खोलीवरून ठेवले: ‘स्वतंत्र खोलीचे जादा भाडे’. त्याखाली एक ओळ जोडली, की माणशी किंमत दोघांत एक खोली धरून काढलेली आहे.

या नावाने मावशीचा गैरसमज दूर झाला, पण तिने एक प्रश्न विचारला ज्याचे उत्तर इंग्रजी मजकुरात कुठेच नव्हते. “मैत्रिणीचे आगाऊ 20 तुम्ही ठेवून घेणार, आणि तिच्या रिकाम्या जागेचे 40 पुन्हा माझ्याकडून घेणार?” मी हा प्रश्न जसाच्या तसा आयोजकाला पाठवला. त्यांनी विचार करून ठरवले, की जोडीदाराने माघार घेतल्यामुळे एकट्या पडलेल्या प्रवाशाकडून, जोडीदाराची जप्त झालेली रक्कम वजा करूनच जादा भाडे घ्यायचे, म्हणजे या उदाहरणात 20. हे अनुवादकाने परस्पर ठरवायचे नसते, पण विचारायचे मात्र त्यानेच असते.

फोर्स मेजर हा शब्दप्रयोग मूळचा फ्रेंच. ‘दैवी आपत्ती’मध्ये भूकंप आणि पूर बसतात, पण संप, युद्ध किंवा सरकारने काढलेला प्रवासबंदीचा आदेश बसत नाही. एप्रिल 2010 मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीची राख पसरली, तेव्हा युरोपातली विमाने काही दिवस जमिनीवरच राहिली. ज्वालामुखी निसर्गाचा होता, पण हवाई क्षेत्र बंद करण्याचा निर्णय माणसांचा होता. मला सर्वाधिक मदत झाली ती युरोपीय संघाच्या सहलविषयक नियमांची. 1990 च्या निर्देशात फोर्स मेजर हा शब्द होता, तर 2015 च्या निर्देशात त्याजागी टाळता न येणारी आणि असाधारण परिस्थिती असे साधे शब्द वापरले आहेत. सर्व वाजवी उपाय करूनही परिणाम टळले नसते, ही त्यातली मुख्य कसोटी आहे. त्यावरून मी ‘कोणाच्याही हाती नसलेली असाधारण परिस्थिती’ असे लिहिले आणि पुढे चार उदाहरणे दिली. प्रवाशाच्या विमा पॉलिसीत मूळ शब्द भेटू शकतो, म्हणून ‘फोर्स मेजर’ हेही एकदा देवनागरीत ठेवले.

याच कलमात ‘कंपनी जबाबदार राहणार नाही’ असे वाक्य होते. ते वाचून पैसे बुडतात असा समज होतो, आणि इथे परतावा व नुकसानभरपाई या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागल्या. भरलेली किंमत परत देणे म्हणजे परतावा, आणि हुकलेल्या सुट्टीबद्दल किंवा मनस्तापाबद्दल वर काही देणे म्हणजे नुकसानभरपाई. 2015 चा तोच निर्देश अशा प्रसंगी पूर्ण परतावा द्यायला सांगतो, नुकसानभरपाई मात्र नाही. आयोजकालाही हेच अभिप्रेत होते, म्हणून शेवटचे रूप असे ठरले: ‘अशा परिस्थितीमुळे आम्हाला सहल सुरू होण्यापूर्वी ती रद्द करावी लागली, तर तुम्ही भरलेली पूर्ण रक्कम परत देऊ. त्याखेरीज नुकसानभरपाई देणार नाही.’

चौथा मसुदा मावशीला दिला, तेव्हा मैत्रिणीच्या माघारीचा तोच प्रसंग पुन्हा विचारला. तिने पानाच्या समासात पेन्सिलीने आकडे मांडले, मैत्रिणीच्या नावापुढे 20 बुडाले आणि स्वतःच्या नावापुढे 120 भरायचे असे लिहिले, आणि कागद माझ्याकडे सरकवला.