धर्मादाय हॉस्पिटलला मशीन भाड्यानं दिलं तेव्हा

आमची भागीदारी फर्म, मी आणि दादा. कुपवाड एमआयडीसीत मशिनिंगचं वर्कशॉप. 2022 च्या उन्हाळ्यात मिरजेजवळच्या एका धर्मादाय हॉस्पिटलचे विश्वस्त, निवृत्त मुख्याध्यापक, वर्कशॉपवर आले. सगळे त्यांना सरच म्हणतात. हॉस्पिटलला कलर डॉप्लर सोनोग्राफी मशीन घ्यायचं होतं, किंमत 40 लाख, वर जीएसटी. बँक 10 टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार होती. सरांचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "तुम्ही मशीन घ्या आणि आम्हाला भाड्यानं द्या. कोणीतरी सांगितलं, त्यात दोघांचा फायदा होतो. खरं का?"

दादा लगेच म्हणाला, "आपण बँकेकडूनच 10 टक्क्यांनी पैसे उचलतो. मग त्यांना बँकेपेक्षा स्वस्त कसं देणार? मधला माणूस वाढला की खर्च वाढतो, कमी होत नाही." मलाही तेच वाटलं होतं. तरी मी आमच्या सी.ए. मॅडमकडे गेलो. त्यांनी कागद ओढला आणि विचारलं, "हॉस्पिटल आयकर भरतं का?"

सगळा खेळ तिथेच होता. नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्ट, उत्पन्न त्याच कामात खर्च होतं, त्यामुळे कर शून्य. मशीन त्यांनी विकत घेतलं तर त्यावरचा घसारा, म्हणजे मशीनच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट, त्यांच्या हातात नुसता कागद. आमची फर्म मात्र नफ्यावर 30 टक्के आणि वर उपकर धरून 31.2 टक्के भरते. जीवरक्षक वैद्यकीय उपकरणांच्या यादीत कलर डॉप्लर आहे आणि त्यावर आयकरात 40 टक्के घसारा मिळतो. मालक आम्ही असलो की घसारा आमचा. ट्रस्टकडे जे वाया जातं, ते आमच्याकडे रोख होतं.

पण किती? मॅडमनी दोन आकडे काढायला लावले: ज्याच्या खाली मला परवडत नाही तो, आणि ज्याच्या वर हॉस्पिटलला परवडत नाही तो. त्या दोघांत जागा असेल तरच करार करायचा. सोपं पडावं म्हणून पाच वर्षं, वर्षाअखेर एक भाडं, आणि पाच वर्षांनी मशीनची किंमत 6 लाख धरली.

आधी हॉस्पिटलची बाजू. विकत घेतलं तर तेव्हाच्या 12 टक्के जीएसटीसह 44.8 लाख जातात, आणि त्यांची वैद्यकीय सेवा करमुक्त असल्यामुळे तो जीएसटी परत मिळत नाही. पाच वर्षांनी येणाऱ्या 6 लाखांची आजची किंमत, बँकेच्या 10 टक्क्यांनी मागे आणली तर, साधारण 3.73 लाख. म्हणजे निव्वळ खर्च 41 लाखांच्या आसपास. भाड्यावरही 12 टक्के जीएसटी त्यांनाच सोसायचा. तो धरून उलटं गणित केलं की वर्षाला 9.67 लाखांपर्यंतचं भाडं त्यांना चालतं. त्याच्या वर गेलं की बँकच बरी.

आता माझी बाजू. खरेदीवरचा जीएसटी मला भाड्यावरच्या जीएसटीतून वळता करता येतो, म्हणून माझी किंमत 40 लाखच, आणि घसाराही 40 लाखांवरच. व्याज हा माझा खर्च, त्यावर 31.2 टक्के कर वाचतो. त्यामुळे 10 टक्क्यांचं कर्ज मला खरं तर 6.88 टक्क्यांना पडतं, आणि माझ्या बाजूची आजची किंमत त्याच दरानं काढली. घसारा घटत्या शिल्लकेवर: पहिल्या वर्षी 16 लाख, मग 9.6, मग 5.76, मग 3.46. पाचव्या वर्षी मशीन 6 लाखांना विकलं तर पुस्तकातल्या 5.18 लाखांवरचा थोडा जास्तीचा भाग करपात्र. (आमच्या ऑफिसातले दोन संगणकही घसाऱ्याच्या याच 40 टक्क्यांच्या गटात येतात. ते या हिशेबात धरले नाहीत.) या वजावटींनी वाचणाऱ्या कराची आजची किंमत 9.4 लाख निघाली आणि शेवटच्या 6 लाखांची 4.3 लाख. उरलेले 26.3 लाख मला करोत्तर भाड्यातून यायला हवेत. म्हणजे करापूर्वीचं भाडं किमान 9.29 लाख.

9.29 आणि 9.67. मधे वर्षाला 38 हजार. दादाला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "एवढ्यासाठी एवढा खटाटोप?" मला मात्र पहिल्यांदा कळलं की ही जागा मी किंवा सरांनी निर्माण केलेली नव्हती. ती दोघांच्या करांतल्या फरकातून आली होती. आमच्याइतकाच कर भरणारा खासगी डॉक्टर समोर असता तर घसारा त्यालाही मिळाला असता, व्याजावर कर त्याचाही वाचला असता. माझी किमान आणि त्याची कमाल जवळपास एकाच आकड्यावर आली असती, वाटायला काहीच उरलं नसतं.

हा पैसा येतो कुठून? सरकारकडून, पण बक्षीस म्हणून नव्हे, उधारी म्हणून. पुढे ठरलेल्या 9.5 लाख भाड्यावर बघा, व्याज बाजूला ठेवून. पहिल्या वर्षी भाडं 9.5 आणि घसारा 16 लाख, म्हणजे फर्मच्या बाकीच्या नफ्यातले 6.5 लाख करातून सुटतात आणि 2.03 लाख कर वाचतो. चौथ्या वर्षी तेच उलटतं: भाडं 9.5, घसारा 3.46, करपात्र 6 लाखांवर, कर 1.89 लाख. आज वाचलेलं पुढे भरायचंच असतं. फायदा फक्त मधल्या वर्षांच्या बिनव्याजी वापराचा. म्हणूनच फर्मला त्या वर्षी नफाच झाला नाही तर घसारा नुसता पुढे ओढला जातो आणि ती उधारी मिळत नाही. भाड्यानं देणाऱ्यानं आधी स्वतःच्याच पुढच्या दोन-तीन वर्षांच्या नफ्याकडे पाहावं, असं मला वाटतं.

भाडं 9.5 लाखांवर ठरलं. आजच्या किमतीत मला 59 हजार, हॉस्पिटलला 74 हजार. त्यांना जास्त गेलं हे खरं, पण त्यांच्यासमोर बँकेचा दरवाजा उघडा होता, माझ्यासमोर दुसरं धर्मादाय हॉस्पिटल नव्हतं.

करारात दोन गोष्टी अडल्या. सरांना कलम हवं होतं की पाच वर्षांनी एक रुपयात मशीन हॉस्पिटलचं व्हावं. मॅडमनी ते लाल पेनानं खोडलं. "असं लिहिलं की हे भाडं राहत नाही, हप्त्यानं विक्री होते. मग घसारा हॉस्पिटलचा आणि तुमचं गणित संपलं." सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये आयसीडीएस या वित्त कंपनीच्या प्रकरणात, गाडीची नोंदणी भाडेकऱ्याच्या नावावर असतानाही, घसारा भाड्यानं देणाऱ्याचा मानला होता, पण कारण होतं की करारानुसार मालकी खरंच त्याच्याकडे होती. आम्ही लिहिलं: मुदत संपल्यावर मूल्यमापकानं ठरवलेल्या बाजारभावानं घ्यायचं असेल तर हॉस्पिटलला पहिला हक्क. सर थोडे नाराज झाले. दुसरी अडचण आमचीच. भागीदारी करारनाम्यात यंत्रं भाड्यानं देणं हा धंदा लिहिलेलाच नव्हता, तो पुरवणी करारनाम्यानं घातला.

मॅडमनी सांगितलेला एक किस्सा इथे लिहितोच. नव्वदच्या दशकात वीज मंडळं आपले जुने मीटर वित्त कंपन्यांना विकायची आणि लगेच तेच भाड्यानं घ्यायची. मीटर भिंतीवरून हललासुद्धा नाही, पण घसारा करदात्या कंपनीकडे. 1 ऑक्टोबर 1996 पासून कायद्यानं हे बंद केलं: विकून परत भाड्यानं घेतलेल्या मालमत्तेची किंमत जुन्या मालकाच्या पुस्तकी शिल्लकेइतकीच धरायची. आमचं मशीन कोरं होतं, म्हणून हा प्रश्न आला नाही.

खरी धावपळ झाली ती सप्टेंबरात. खरेदीच्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं तर घसारा निम्मा, 40 ऐवजी 20 टक्के. मॅडमनी कॅलेंडरवर 3 ऑक्टोबरला गोल केला होता. त्या दिवशी सुरू केलं तर 31 मार्चपर्यंत बरोबर 180 दिवस. मशीन 8 सप्टेंबरला आलं, पण सोनोग्राफीच्या प्रत्येक मशीनसाठी गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंद लागते. बदल किमान 30 दिवस आधी कळवून प्रमाणपत्र नव्यानं घ्यावं लागतं. हॉस्पिटलनं अर्ज ऑगस्टमध्येच केला होता, तरी कागद एका टेबलावर पडून होता. मशीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, मी रोज फोन करतोय.

प्रमाणपत्र 28 तारखेला आलं. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर सरांचा फोन. "आता दसऱ्याच्या मुहूर्तावरच सुरू करू. साडेतीन मुहूर्तांपैकी एक." त्या वर्षी दसरा 5 ऑक्टोबरला होता. 178 दिवस.

मी सरांना गणित सांगितलं. दसऱ्याला सुरू केलं तर पहिल्या वर्षी घसारा 16 ऐवजी 8 लाख. उरलेला पुढच्या वर्षांत मिळतोच, पण उशिरा. आजच्या किमतीत तोटा 31 हजार, म्हणजे माझ्या 59 हजारांतले निम्म्याहून जास्त दोन दिवसांत गेले असते. सर गणिताचेच शिक्षक. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "शुक्रवारी ललिता पंचमी आहे. तोही चांगला दिवस." 30 सप्टेंबरला पहिल्या रुग्णाची हृदयतपासणी झाली. कंपनीच्या इंजिनिअरचं उभारणीचं प्रमाणपत्र आणि नाव झाकलेल्या वापर-नोंदवहीच्या पानाची प्रत मी फाइलला लावली. उद्या अधिकाऱ्यानं विचारलं तर "मशीन आलं होतं" एवढ्यावर भागत नाही, वापरलं हे दाखवावं लागतं. फीत दसऱ्यालाच कापली, झेंडूच्या माळा मशीनला त्याच दिवशी लागल्या.

गणितात एक गोष्ट मी फार हलक्यानं घेतली होती, ती म्हणजे शेवटचे 6 लाख. सोनोग्राफी मशीन नोंदणी असलेल्या केंद्रालाच विकता येतं, शिवाय चार-पाच वर्षांत नवीन मॉडेल येतात. 6 ऐवजी 4 लाख मिळाले तर कर वजा जाता आजच्या किमतीत माझे साधारण एक लाख जातात. वाटणीत मिळालेले 59 हजार त्यात बुडून वर तोटा. यंत्र भाड्यानं देणाऱ्यानं घसाऱ्यापेक्षा या आकड्यावर जास्त रात्री जागाव्यात. दादा त्या वेळी हे बोलला होता, मी ऐकलं नाही.

हॉस्पिटल भाडं भरताना 2 टक्के टीडीएस कापतं, तो रिटर्नमध्ये वळता होतो. एवढ्यात एक खासगी रेडिओलॉजिस्ट आले, म्हणाले, "आम्हालाही तसंच द्या." त्यांना विचारलं, कर किती भरता? जवळपास आमच्याएवढाच. चहा पाजला आणि बँकेच्या मॅनेजरचा नंबर दिला.