सीसीत मी असतेच, पण...

"मेल सरांना आहे, तुम्ही सीसीत आहातच. मग मध्येच तुमच्या नावाने वेगळा परिच्छेद कशाला?"

मी सरांची सहायक, आणि सरांची वेळ मागायला मेल करणारे मला हे विचारतात. वेगळा परिच्छेद मानासाठी नाही. मेलच्या सुरुवातीला माझं नाव नसलं तरी माझं काही बिघडत नाही. (थोडं बिघडतं, पण ते सोडा.)

एका पुरवठादाराच्या बाईंनी सरांना मेल केला होता. कराराच्या नूतनीकरणाबद्दल बोलायचं होतं. शेवटची ओळ अशी: "पुढच्या आठवड्यात कधीही अर्धा तास मिळाला तर बरं होईल, आपल्या सहायक सीसीत आहेतच, त्या बघतील." सरांनी तो फोनवर वाचला आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला, कारण 'त्या बघतील' असं लिहिलेलंच होतं. मीही वाचला. पण भेटायचं की नाही हे मी ठरवत नाही, सर ठरवतात. म्हणून मी त्यांच्या होकाराची वाट बघत बसले. सहा दिवस आम्ही दोघं एकाच मेलकडे बघत होतो आणि दोघांनाही वाटत होतं की चेंडू दुसऱ्याच्या कोर्टात आहे.

सातव्या दिवशी बाईंचा फोन आला. त्यांनी दिलेल्या दरांची मुदत आदल्या संध्याकाळीच संपली होती. "तुम्ही मेल दाबून ठेवलात," असं त्या मला म्हणाल्या. सर म्हणाले, "तू विचारायचंस ना." मी सॉरी म्हटलं आणि घरी जाईपर्यंत मनातल्या मनात दोघांशी भांडले.

विचारायला हवं होतं का? हो, एका ओळीचं काम होतं. पण त्याच्या तीनच आठवडे आधी मी न विचारता एक भेट लावून टाकली होती आणि त्यावरून बोलणी खाल्ली होती. शिवाय मुदतीचा मेलमध्ये कुठे उल्लेखच नव्हता. तो असता तर मी दुसऱ्याच दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले असते. असं मी तेव्हा म्हणत होते. आता तेवढ्या छातीठोकपणे म्हणवत नाही.

त्या बाईंनी हाच मेल कसा लिहायला हवा होता, ते सांगते. नमस्कार दोघांना, नावं घेऊन. पहिला परिच्छेद फक्त सरांसाठी: विषय काय, त्यांच्याकडून कोणता निर्णय हवा, किती वेळ लागेल, आणि 'भेटायला हरकत नाही ना, एवढंच कळवावं.' म्हणजे त्यांना फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं. मग दुसरा परिच्छेद, माझ्या नावाने:

"सरांचा होकार असल्यास मंगळवार 14 जुलै सकाळी 11, गुरुवार 16 जुलै दुपारी 3 किंवा शुक्रवार 17 जुलै सकाळी 10, यांपैकी कोणतीही वेळ चालेल. 30 मिनिटं, ऑनलाइन. आमच्याकडून मी आणि आमचे हिशेबनीस, पण ते नसले तरी चालेल. या वेळा सोमवारी दुपारपर्यंत राखून ठेवते. दरांची मुदत 17 जुलैला संपते, म्हणून त्यानंतरची वेळ उपयोगाची नाही. इनव्हाइट तुम्ही पाठवणार की मी?"

यात माझं काम कुठे वाचतं बघा. वार आणि तारीख दोन्ही असल्यामुळे चूक झाली तर लगेच दिसते; 'मंगळवार 15' लिहिलं असतं तर मी कॅलेंडर उघडताक्षणी थांबले असते. हिशेबनिसांशिवाय चालेल हे कळल्यामुळे मला दोनच कॅलेंडरं जुळवायची राहिली. शिवाय मुदत आणि कारण हातात असलं की सरांना आठवण करताना मी कटकट करतेय असं वाटत नाही. समोरचे वेगळ्या देशात असतील तर वेळ कुठली तेही लिहावं, नाहीतर सगळं मुसळ केरात.

'कधीही चालेल' हे लोक सौजन्याने लिहितात, मला मान्य आहे. मीही वर्षानुवर्षं तसंच लिहायचे, दुसऱ्यांच्या सहायकांना, आणि आपण किती समजूतदार असं वाटायचं. पण त्याचा अर्थ एवढाच होतो की अख्खा आठवडा चाळायचं काम समोरच्याचं. आणि मी सुचवलेली वेळ हमखास त्या माणसाला नेमकी चालत नाही!

याहून वाईट म्हणजे मला न विचारता थेट सरांच्या कॅलेंडरमध्ये टाकलेलं इनव्हाइट. पण त्यावर लिहायला बसले तर हा मजकूर संपायचा नाही.

एवढं सगळं नीट लिहिलेला मेलही येतो कधीकधी. त्यावर सर रिप्लाय ऑल करून एकच शब्द लिहितात, "ओके." तो भेटीला ओके की मंगळवारला, हे विचारायला मी अजूनही उठून केबिनमध्ये जाते.