सजदे दोन, रुकू एक

«नमाजात कधी उभं राहायचं, कधी वाकायचं, कधी डोकं टेकायचं, हा क्रम डोक्यात बसतच नाही. बाकीच्यांकडे बघून जमतं, एकटी असले की गोंधळ होतो. सुरुवात कुठून करू?»

फजरच्या फर्ज नमाजापासून करा. तो दोनच रकातींचा असतो, आणि तो नीट आला की बाकीचे चारही नमाज जवळजवळ आलेच. जोहर, असर आणि इशाचे फर्ज चार-चार रकात, मगरिबचे तीन. पण रकात सगळीकडे एकच. त्यामुळे पाच नमाजांचे पाच क्रम पाठ करायचे नाहीत, एका रकातीचा क्रम शिकायचा.

रकात म्हणजे उभं राहणं, एक रुकू, पुन्हा सरळ उभं राहणं, एक सजदा, बसणं आणि दुसरा सजदा. ज्या बायका शिकायला येतात त्यांच्याकडून मी आधी एवढंच करून घेते, तोंडानं काहीही न म्हणता. हालचाल अंगात बसली की त्यावर शब्द चढवता येतात. दोन्ही एकदम शिकायला गेलं की अरबी आठवण्याच्या नादात सजदा एक झाला की दोन, हे विसरायला होतं.

आता शब्दांसकट पहिली रकात. वुजू झालेला आहे, मुसल्ला अंथरलेला आहे, तोंड किबल्याकडे आहे, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून. फजरच्या दोन फर्ज रकातींची नियत मनात करायची. हात खांद्यांपर्यंत उचलून «अल्लाहू अकबर» म्हणायचं आणि हात बांधायचे. ही पहिली तकबीर. इथून सलाम फेरेपर्यंत बोलणं, खाणं, इकडेतिकडे वळणं बंद. नजर सजद्याच्या जागेवर. उभ्यानंच आधी सुरुवातीची दुआ, मग सूरे फातिहा, तिच्या सातही आयती, आणि त्यानंतर एखादी छोटी सूरा. सुरुवातीला सूरे इख्लास पुरेशी आहे, चारच आयतींची आहे.

फातिहा अजून पाठ नसेल तरी नमाज थांबवून ठेवू नका. जेवढं येतं तेवढं म्हणा. काहीच येत नसेल तर सुब्हानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, ला इलाह इल्लल्लाह, अल्लाहू अकबर हे म्हणत उभ्या राहा, आणि फातिहा रोज एक-एक आयत करत पाठ करा.

मग «अल्लाहू अकबर» म्हणत रुकूत जायचं. हात गुडघ्यांवर ठेवून कमरेत वाकायचं आणि तीनदा म्हणायचं, «सुब्हान रब्बियल अजीम». «समिअल्लाहु लिमन हमिदह» म्हणत उठायचं, सरळ झाल्यावर «रब्बना लकल हम्द». पुन्हा तकबीर म्हणत खाली: आधी गुडघे, मग हात, मग कपाळ आणि नाक. सजद्यात तीनदा «सुब्हान रब्बियल आला». तकबीर म्हणत उठून बसायचं, «रब्बिग्फिरली» म्हणायचं, तकबीर म्हणत दुसरा सजदा, आणि तकबीर म्हणत दुसऱ्या रकातीसाठी उभं राहायचं.

इथे एक बारीक गोष्ट आहे, तिनं फार फरक पडतो. तकबीर ही हालचालीसोबत चालते. वाकायला सुरुवात झाली की ती सुरू होते आणि रुकूत पोचल्यावर संपते. बऱ्याच जणी उभ्यानंच तकबीर उरकतात, किंवा खाली पोचल्यावर म्हणतात, आणि मग रुकूची तस्बीह उठता उठता पुरी होते. तकबीर वाटेत आणि तस्बीह मुक्कामाला, हे पाळलं की क्रम चुकायला जागाच कमी राहते. एकाच वाटेवर तकबीर नसते: रुकूतून उठताना.

सगळ्यात जास्त घाई होते ती दोन छोट्या थांब्यांवर. रुकूनंतर सरळ उभं राहणं, त्याला कौमा म्हणतात, आणि दोन सजद्यांच्या मधलं बसणं, तो जलसा. रुकूतून अर्धवट उठून तशाच सजद्यात जाणाऱ्या, कपाळ वीतभर उचलून लगेच पुन्हा टेकणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहते. वर्षानुवर्षं नमाज पढणाऱ्यांतही पाहते, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण हे थांबे पैगंबरांनी स्वतः शिकवलेले आहेत. हजरत अबू हुरैरांनी सांगितलेली हदीस आहे. एक माणूस मशिदीत आला, त्यानं भराभर नमाज उरकला आणि येऊन पैगंबरांना सलाम केला. त्यांनी सलामाचं उत्तर दिलं आणि म्हणाले, परत जा, नमाज पढ, तुझा नमाज झालेला नाही. असं तीनदा झालं. शेवटी तो म्हणाला, मला यापेक्षा चांगलं येत नाही, तुम्ही शिकवा. तेव्हा त्यांनी क्रमच सांगितला: तकबीर म्हण, कुरआनातलं जे सोपं जाईल ते पढ, रुकू कर आणि रुकूत निवांत हो, उठ आणि सरळ उभा राहा, सजदा कर आणि सजद्यात निवांत हो, उठून निवांत बस, आणि पुन्हा सजदा कर.

निवांत होणं म्हणजे अंगाची हालचाल पूर्ण थांबून एक सुब्हानल्लाह म्हणण्याइतका वेळ जाणं. थांबा नीट झाला का, हे बघायची सोपी खूण सांगते. कौम्यात «रब्बना लकल हम्द» पूर्ण सरळ उभ्यानं म्हटलं गेलं का? जलस्यात पाठ ताठ होऊन हात मांड्यांवर टेकले का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर झालं. शाफई मतात या थांब्याशिवाय नमाजच होत नाही. हनफी मतातही तो वाजिब आहे, मुद्दाम सोडता येत नाही.

सजद्याबद्दल थोडं सावकाश सांगते. अंगाचे सात भाग जमिनीला लागायचे असतात: नाकासह कपाळ, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन्ही पायांची बोटं. यातलं पायांच्या बोटांकडे लक्ष नसतं. कपाळ टेकलं की पाय मागून उचलले जातात आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून शिकताना दुसऱ्या कुणाला तरी मागून बघायला सांगावं. दुसरं ओढणीचं. ती घसरून कपाळ आणि जमीन यांच्या मध्ये येते. शाफई मतात असा सजदा धरला जात नाही, हनफी मतात धरला जातो पण नापसंत आहे. दुपट्टा केसांच्या रेषेवर घट्ट बांधला की प्रश्न मिटतो. आणि मऊ गादीवर नमाज नको. कपाळ दाबल्यावर खाली टणकपणा लागला पाहिजे, नुसतं रुतत गेलं तर सजदा टेकलाच नाही.

दुसरी रकात अगदी तशीच, फक्त सुरुवातीची दुआ नाही. फातिहा, सूरा, रुकू, कौमा, दोन सजदे. या वेळी दुसऱ्या सजद्यानंतर उभं राहायचं नाही, बसायचं. अत्तहियात, मग दरूद, मग दुआ, आणि आधी उजवीकडे, नंतर डावीकडे मान वळवून सलाम. फजरचे फर्ज झाले. एकटीनं पढताना ताळा घ्यायचा असेल तर तकबिरी आठवा: सुरुवातीची एक आणि प्रत्येक रकातीत पाच, म्हणजे दोन रकातींत अकरा.

तीन किंवा चार रकातींच्या नमाजात दुसऱ्या रकातीनंतरची बैठक मधली ठरते. तिथे अत्तहियात म्हणून उठायचं, आणि पुढच्या फर्ज रकातींत फातिहानंतर सूरा जोडायची नाही. सलाम शेवटच्या बैठकीतच.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे नव्या माणसाचा गोंधळ उगीच वाढतो. माझं माहेर कोकणातलं, तिथे आम्ही शाफई. सासर मराठवाड्यातलं, इथे बहुतेक हनफी. माहेरी रुकूत जाताना आणि उठताना पुन्हा हात उचलतात, सासरी फक्त पहिल्या तकबिरीला. माहेरी फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूतून उठल्यावर हात पसरून कुनूतची दुआ होते आणि मग सजदा. सासरी कुनूत इशानंतरच्या वित्रमध्ये, तिसऱ्या रकातीत, तीही रुकूच्या आधी. हात कुठे बांधायचे, रुकूत किती वाकायचं, शेवटच्या बैठकीत पाय कसे घ्यायचे, यातही फरक आहेत, काही ठिकाणी बायका आणि पुरुष यांच्यातही. लग्नानंतर मी हे दोन्ही शेजारी शेजारी पाहत आले आहे, आणि खात्रीनं सांगते की उभं राहणं, रुकू, कौमा, दोन सजदे हा सांगाडा दोन्हीकडे तोच आहे. तुम्ही ज्या घरात, ज्या वस्तीत शिकताय तिथली एक पद्धत धरा आणि ती पक्की होईपर्यंत दुसरीकडे बघू नका. मोबाइलवर चार व्हिडिओ बघून चार पद्धती मिसळल्या की काहीच पक्कं होत नाही.

राहिला प्रश्न चुकल्यावर काय करायचं याचा. समजा फजरच्या दुसऱ्या रकातीत उभ्या आहात, फातिहा चालू आहे, आणि आठवलं की पहिल्या रकातीत सजदा एकच झाला. नमाज तोडू नका. शाफई मतात तिथूनच खाली जाऊन राहिलेला सजदा करायचा, तेव्हा पहिली रकात पुरी होते. मग उठून दुसरी रकात नव्यानं सुरू करायची. हनफी मतात सलामाच्या आधी आठवेल तेव्हा तो सजदा करून घ्यायचा आणि पुढे जायचं. दोन्हीकडे शेवटी विसरल्याचे दोन सजदे लागतात, त्यांना सजदा-ए-सहू म्हणतात. शाफई ते सलामाच्या आधी करतात. हनफी अत्तहियात म्हणून उजवीकडे एक सलाम फेरतात, दोन सजदे करतात, मग पुन्हा अत्तहियात, दरूद, दुआ आणि दोन्ही सलाम.

पण हे दोन सजदे म्हणजे राहिलेल्या सजद्याची भरपाई नाही. राहिलेला सजदा किंवा रुकू प्रत्यक्ष करावाच लागतो. मधली बैठक विसरून तिसऱ्या रकातीला सरळ उभ्या राहिलात, तर मात्र परत बसायचं नाही. तिथे शेवटचे दोन सजदे पुरतात.

गुडघे दुखत असतील, वाकता येत नसेल, तर बसून पढा. हाच क्रम राहतो: रुकूसाठी थोडं झुकायचं, सजद्यासाठी त्याहून जास्त. पण जमिनीवर सजदा करता येत असताना खुर्चीवर बसून नुसती मान झुकवणं चालत नाही. शरीराला जेवढं जमतं तेवढं केलं पाहिजे, जमत नाही तेवढंच माफ आहे.