घराला दुकानाचा कर: हरकत घेतल्याचा माझा अनुभव

तळमजल्यावरच्या आमच्या सहाशे चौरस फुटांच्या घराला महापालिकेने बिगरनिवासी ठरवलं, त्याचा राग मला अजून आहे. मालमत्तांचं सर्वेक्षण करणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांनी आमच्या दाराची बेलसुद्धा वाजवली नव्हती. थेट विशेष नोटीसच हातात आली.

नोटिशीत एकूण रकमेपेक्षा "वापर" हा रकाना आधी बघा, खरी मेख तिथे असते. आमचा निवासी दर महिन्याला चौरस फुटाला 2 रुपये होता. वर्षाचं भाडेमूल्य 14,400, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा, म्हणजे करयोग्य मूल्य 12,960. नव्या नोटिशीत दर 7 रुपये लावला होता, त्यामुळे तेच मूल्य 45,360 झालं. घराचा एक कोपराही वाढला नव्हता. दर गावोगावी वेगळे असतात, पण हिशोबाची रीत साधारण हीच.

नोटिशीवर हरकतीची मुदत छापलेली असते. तिच्या आत लेखी अर्ज दिला. सोबत घरगुती दराचं वीजबिल, सोसायटीचं पत्र आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत जोडली. आवक क्रमांकाचा शिक्का माझ्या प्रतीवर घेतला. इथवर काही त्रास झाला नाही.

अडलं ते स्थळपाहणीच्या अहवालावर. सुनावणीला साहेब म्हणाले, "निरीक्षकांचा अहवाल आल्याशिवाय मी वापर बदलू शकत नाही." निरीक्षक म्हणाले, "फाइल माझ्याकडे आलेलीच नाही." फाइल सांभाळणारे कारकून म्हणाले, "कधीच पाठवली." तिघंही एकाच मजल्यावर बसत होते. मी नोकरी करते, दर वेळी अर्धी रजा टाकून तिथे उभं राहायचं आणि "पुढच्या आठवड्यात या" ऐकून परतायचं. कधीतरी निरीक्षक न कळवता येऊन गेले. घराला कुलूप होतं, म्हणून त्यांनी शेरा मारला, "वापराची खात्री झाली नाही." या शेऱ्यावर सुनावणी पुन्हा पुढे ढकलली. दिवसा कामाला जाणाऱ्या माणसाच्या घराला कुलूप असणारच, त्यात संशय कसला?

शेवटी माहिती अधिकाराखाली 10 रुपयांचा अर्ज केला. "माझं घर बिगरनिवासी का?" असा प्रश्न त्यात विचारला नाही; कारणं विचारली की गोलमोल उत्तर येतं. आमच्या मालमत्ता क्रमांकाचा सर्वेक्षण अर्ज, त्याला जोडलेलं छायाचित्र आणि स्थळपाहणीचा अहवाल, या तीन कागदांच्या प्रती मागितल्या. हे हरकत देतानाच करायला हवं, असं मी प्रत्येकाला सांगते, कारण उत्तराला 30 दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो.

छायाचित्र पाहून संताप आला. आमच्या फाटकाला वरच्या मजल्यावरच्या ब्यूटी पार्लरची बाण काढलेली पाटी होती. तो बाण जिन्याकडे होता, पण फोटोत मागे आमचं दार दिसत होतं. तेवढ्यावर आमचं घर पार्लर झालं! मी त्याच कोनातून नवा फोटो काढला, पाटी आणि जिना दोन्ही येतील असा. पार्लरचालक ताईंनी लिहून दिलं की त्यांचा व्यवसाय पहिल्या मजल्यावर आहे आणि तळमजल्याशी त्यांचा संबंध नाही. मग फेरपाहणीसाठी अर्ज दिला. त्यात सुट्टीची तारीख, वेळ आणि मोबाइल क्रमांक लिहिला. निरीक्षक आले, स्वयंपाकघर, पलंग, कपाटं पाहिली, पंचनाम्यावर माझी सही घेतली. सही करण्याआधी मी तो पूर्ण वाचला. "सध्या निवासी वापर आढळला" असं लिहिलं होतं. "सध्या" या शब्दाला मी हरकत घेतली, कारण त्यामुळे मागच्या वर्षाची वाढीव आकारणी तशीच राहिली असती. दुरुस्ती करूनच सही केली, आणि त्याचा मला अभिमान आहे.

मधल्या काळात कर पूर्ण थांबवू नका. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते. मी जुन्या दराची रक्कम "हरकत कायम ठेवून" असं पत्र देऊन भरली. सुनावणीत अर्ज फेटाळला, तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 नुसार न्यायालयात अपील करता येतं, पण मुदत फक्त 15 दिवसांची आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. म्हणून सगळा जोर सुनावणीवरच लावावा.

आणि घरातल्या एका खोलीत खरंच शिकवणी किंवा दवाखाना चालत असेल, तर ते लपवू नका. तेवढंच क्षेत्र मोजून वेगळं दाखवा आणि बाकीचं घर निवासी ठेवायची मागणी करा.

आदेश आमच्या बाजूने लागला, तरी संगणकात जुनीच नोंद होती. आदेशाची प्रत दाखवून ती बदलून घेतली आणि दुरुस्त आकारणीचा उतारा हातात आल्यावरच मी कार्यालयातून निघाले.