दुखणे थांबले त्या रात्री

डिसेंबरातला मंगळवार होता. पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातून वडील आणि आजी सोळा वर्षांच्या मुलाला रिक्षातून घेऊन आले, तेव्हा मी नुकताच बाह्यरुग्ण विभागात बसलो होतो. मुलगा स्वतःच्या पायांनी आत आला; पण कमरेत वाकून, उजव्या हाताने पोट धरून आणि प्रत्येक पाऊल जपून टाकत. आजी मात्र निश्चिंत होती. "आते दुखत नही," ती म्हणाली, "फक्त अशक्तपणा आहे, एखादी सलाईन लावून द्या."

हकिगत अशी होती. शनिवारी रात्री शेतात भरीत पार्टी झाली होती. रविवारी सकाळी मुलाच्या बेंबीभोवती दुखू लागले, जेवणावरची वासना गेली आणि दुपारी एक उलटी झाली. वांग्याचे भरीत बाधले असे घरच्यांनी ठरवले. आमच्याकडे हिवाळ्यात पोटाच्या निम्म्या तक्रारींचा दोष भरतावरच जातो. ओवा आणि काळे मीठ झाले, गरम पाण्याची पिशवी झाली, आणि संध्याकाळी आजीने पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल दिले. सोमवारी दुखणे बेंबीपासून सरकून उजव्या बाजूला खाली उतरले व अंगात ताप भरला, तेव्हा औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. रात्री दोनच्या सुमारास दुखणे एकाएकी कमी झाले आणि मुलगा झोपला. सगळ्यांना हायसे वाटले.

मला धास्ती वाटली ती याच वाक्याची. अपेंडिक्सला सूज आली की सुरुवातीचे दुखणे बेंबीपाशी, नेमके बोट ठेवता न येणारे असते. सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचली की ते उजवीकडे खाली एका जागी येऊन बसते. उपचाराविना एक-दोन दिवस गेले की अपेंडिक्स फुटण्याचा धोका वाढत जातो. फुटले की आतला ताण मोकळा होतो, त्यामुळे काही तास बरे वाटू शकते, आणि त्याच वेळी पू पोटभर पसरू लागतो.

मी त्याला टेबलावर झोपवले. उजवा पाय त्याने आपसूक गुडघ्यात दुमडून घेतला. श्वास भराभर पण उथळ होता. छाती हलत होती, पोट मात्र हलत नव्हते. नाडी 124 आणि ताप 102 होता. पोटावर हात ठेवला तर ते फळीसारखे कडक लागले. खोकायला सांगताच त्याचा चेहरा पिळवटला. वडिलांना विचारले, "रिक्षा खड्ड्यांतून जाताना हा काय करत होता?" ते म्हणाले, "दर खड्ड्याला ओरडत होता, म्हणून शेवटी अगदी हळू आणली." जुलाबाच्या किंवा गॅसच्या कळेने माणूस तळमळतो, कूस बदलत राहतो, अस्तराला सूज आलेला माणूस हलायलाच भितो. हा फरक घरातल्या कोणालाही दिसू शकतो.

तोंडाने पाणीसुद्धा बंद केले, सलाईन आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन सुरू केले आणि 108 ची रुग्णवाहिका बोलावून त्याला शस्त्रक्रियेसाठी धुळ्याला पाठवले. अपेंडिक्स फुटलेलेच निघाले. पोटातला पू धुऊन काढावा लागला आणि मुलगा नऊ दिवस रुग्णालयात राहिला. सोमवारी सकाळी आला असता तर कदाचित दोन-तीन दिवसांत घरी गेला असता.

नंतर आजीने मला बाजूला घेऊन विचारले, की ते एरंडेलाने फुटले का. फक्त त्यानेच असे मी म्हणू शकत नव्हतो. पण निदान न झालेल्या अशा दुखण्यात जुलाब देऊ नये, त्याने फुटण्याचा धोका वाढू शकतो, हे मी लपवले नाही. मग आम्ही दोघांनी रविवार पुन्हा आठवून पाहिला. भरीत पंधरा जणांनी खाल्ले होते आणि दुखले एकट्याला. पोट आधी दुखले, उलटी मागून झाली; बाधलेल्या अन्नात बहुधा उलट्या किंवा जुलाबच पहिल्यांदा येतात. आणि एरवी चार भाकरी खाणाऱ्या मुलाने दोन दिवस ताटाकडे पाहिले नव्हते. म्हाताऱ्या माणसांत आणि मधुमेह असलेल्यांत पोट इतके कडक लागत नाही, तापही बेताचाच असतो, म्हणून त्यांच्या बाबतीत एवढीही वाट पाहू नये, हेही मी तिला सांगितले.

पुढच्या पावसाळ्यात तिचाच फोन आला. शेजारची मुलगी सकाळपासून पोट धरून बसली होती. "ओवा दिला नाही," ती म्हणाली, "खोकायला लावलं, तर उजवीकडं कळ येते म्हणते. रिक्षा दारात उभी आहे."