सोने की चांदी : माझ्या प्रयोगवहीतील चौथी नोंद

मागील नोंदीत मी ठामपणे लिहिले होते की, माझ्या मनगटावरील शिरा हिरवट दिसतात, म्हणून माझ्या त्वचेची छटा उबदार आहे आणि मला सोनेच शोभते. गेल्या चार महिन्यांच्या प्रयोगांनंतर त्या विधानाचा निम्मा भाग मला मागे घ्यावा लागत आहे. शिरेचा रंग ती किती खोल आहे आणि तिच्यावरील त्वचेत रंगद्रव्य किती आहे यांवरही अवलंबून असतो. आमच्या घरातील गव्हाळ आणि सावळ्या अशा पाच जणींची मनगटे मी पाहिली, तेव्हा पाचही जणींच्या शिरा हिरवटच दिसल्या, मात्र चांदीचा हार घातल्यावर पाच चेहऱ्यांवर पाच वेगळे परिणाम झाले. त्यामुळे शिरांची परीक्षा मी सोडून दिली.

तिच्या जागी आता पुढील पद्धत वापरते. सकाळी दहाच्या सुमारास, थेट ऊन येत नाही अशा खिडकीसमोर, चेहऱ्याला काहीही न लावता बसावे आणि खांद्यांवर पांढरे सुती कापड गळ्यापर्यंत ओढून घ्यावे. मग आधी सोन्याची ठुशी आणि नंतर तितक्याच रुंदीचा, गळ्याशी तसाच बसणारा चांदीचा दागिना घालावा. या वेळी दागिन्याकडे अजिबात पाहू नये, पाहायचा तो चेहरा. डोळ्यांखालची काळसर छाया गडद होते का, ओठांच्या कडांना राखट झाक येते का आणि हनुवटीखाली पिवळेपणा उतरतो का, एवढ्या तीनच गोष्टी मी वहीत टिपते. पहिल्या महिन्यात मी हे सारे न्हाणीघरातील पिवळ्या दिव्याखाली केले होते, आणि अर्थातच तिथे प्रत्येकीला सोने खुलून दिसले. दुसऱ्या महिन्यातील निकाल खिडकीच्या गुलाबी पडद्यामुळे बिघडले. (हळदीच्या कार्यक्रमानंतर दोन-तीन दिवस ही परीक्षा करू नये, हे मी भाचीच्या लग्नात शिकले.)

या परीक्षेत माझा निकाल असा आला : माझी त्वचा गव्हाळ असून तिच्यात किंचित हिरवट, म्हणजे ऑलिव्ह म्हणतात तशी झाक आहे. रोडियमचा मुलामा दिलेली झगझगीत, निळसर पांढरी चांदी घातली की माझा चेहरा राखट दिसतो. मात्र काळपट केलेल्या, म्हणजे बाजारात ऑक्सिडाइज्ड नावाने मिळणाऱ्या चांदीने तसे काही होत नाही. या काळेपणाचा ऑक्सिजनशी फारसा संबंध नसतो. गंधकयुक्त द्रावणात बुडवून चांदीवर सल्फाइडचा थर आणलेला असतो, आणि घरातली चांदी आपोआप काळवंडते तीही बहुतांशी त्याच कारणाने.

सोन्याचेही तसेच आहे. बावीस कॅरटमध्ये सोने सुमारे 91.6 टक्के असते, पण उरलेल्या भागात तांबे अधिक असेल तर दागिना तांबूस दिसतो आणि चांदी अधिक असेल तर फिकट, किंचित हिरवट पिवळा दिसतो. आजीच्या बोरमाळेचा तांबूस रंग माझ्या चेहऱ्याला चांगला मानवतो. उलट, वन ग्रॅमची पिवळीजर्द माळ माझ्यातील हिरवट झाक आणखी वर काढते. म्हणून ‘मला सोने शोभते’ या वाक्याऐवजी मी आता वहीत ‘तांबूस सोने’ आणि ‘काळपट चांदी’ असे दोन शब्द लिहून ठेवले आहेत.

आता खरा पेच कापडाचा. घरातील एका बारशासाठी मी राखाडी निळ्या अंगाची आणि डाळिंबी काठाची इरकल निवडली होती. आधी ठुशी घालून पाहिली. निळ्या कापडाशेजारी तीच ठुशी पांढऱ्या कापडावर दिसली त्यापेक्षा कितीतरी अधिक पिवळी, जवळजवळ नारिंगी दिसू लागली. शेजारचे दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतात, हे पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातील रंगकामाचे प्रमुख शेव्हरल यांनी 1839 मध्ये सविस्तर मांडले होते. तिथे काळा धागा फिका पडतो अशी तक्रार होती आणि दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांत निघाला. माझ्या ठुशीची तक्रारही त्याच जातीची होती.

मग काळपट चांदीची माळ घातली. चेहरा ठीक राहिला, पण चार फुटांवरून पाहिल्यावर माळ कापडातच विरून गेली, कारण दोन्हींचा गडदपणा जवळपास सारखा होता. या ठिकाणी माझा एक जुना गाढवपणा कामी आला. दिवाळीच्या आवराआवरीत अशीच एक माळ मी टूथपेस्टने घासली होती, त्यामुळे नक्षीच्या उंच भागावरचा काळेपणा निघून तिथे चकचकीत चांदी वर आली आणि खाचांत काळे तसेच राहिले. त्या वेळी हळहळ वाटली होती, पण इरकलीवर नेमकी तीच माळ उठून दिसली. उंच भाग कापडापेक्षा उजळ असल्याने ती दुरूनही दिसते आणि खाचांतील काळ्यामुळे चेहऱ्यावर राखट झाक येत नाही. मुद्दाम तसे करायचे असेल तर टूथपेस्ट वापरू नये, ती ओरखडे पाडते. मऊ कापडाने हलकेच पुसत जावे आणि खाचांपर्यंत पोचण्याआधी थांबावे.

मंगळसूत्र उरलेच. ते मी काढत नाही, त्यामुळे चांदीच्या माळेखाली सोन्याच्या दोन वाट्या एकाकी, चुकून राहिल्यासारख्या दिसत होत्या. एकटे सोने चूक वाटते, पण तेच सोने आणखी एका ठिकाणी दिसले की ठरवून घातल्यासारखे वाटते. म्हणून कानांत सोन्याच्या कोंदणातील मोत्यांच्या कुड्या घातल्या. मोती ना सोन्याच्या बाजूचा ना चांदीच्या, त्यामुळे दोन्ही धातू त्याच्याशेजारी निवांत राहतात. शिवाय ब्लाउज काठाच्या डाळिंबी रंगाचा घेतला. गळ्याला कापड भिडते ते ब्लाउजचे, साडीचे नव्हे, आणि निळा रंग त्वचेपासून चार बोटे दूर गेल्याबरोबर वाट्यांचा नारिंगीपणाही उतरला. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोठा फरक ब्लाउजनेच पडला, आणि मी मात्र तीन दिवस दागिनेच बदलत बसले होते.

जाऊबाईंची नोंद थोडक्यात देते. त्यांची त्वचा गोरी आणि गुलाबी झाक असलेली आहे आणि त्यांना चमकदार चांदी सहज पेलते. तरी मोहरीच्या रंगाच्या, सोनेरी जरीच्या साडीवर चांदी परकी दिसली, कारण जर हाही गळ्याजवळचा दागिनाच आहे. त्यांनी तन्मणी घातला आणि प्रश्न मिटला. आता जरीचा रंग मी आधी पाहते आणि त्वचेची झाक नंतर.

संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसायची आहे. काळ्यावर गडदपणाचा हिशेब पूर्ण उलटतो, म्हणून टूथपेस्टची माळ, बोरमाळ आणि रोडियमची चांदी या तिन्ही त्या साडीवर खिडकीत बसून पाहणार आहे. मात्र ब्लाउज कोणत्या रंगाचा, हे या वेळी आधी ठरवणार आहे.