तळ्याची नोंद: जलपर्णीचा देठ बघायला शिकलं की बरंच कळतं

मागच्या नोंदीत विचारणा होती की तरंगणारं हिरवं काय आहे ते ओळखायचं कसं आणि कधी काढायला घ्यायचं, तर या वेळी तेच लिहितो. तळं साधारण ६० चौरस मीटरचं आहे, मध्यावर छातीभर पाणी, एका कडेला कमळ, थोडी वॉटर लिली, आणि बाकी उघड्या पाण्यावर जलपर्णी पसरतेय.

आधी ओळख. जलपर्णी हातात उचलून बघा, फोटोवरून नको. मोकळ्या पाण्यातल्या रोपाचा देठ मधे फुगलेला असतो, कापला तर आत स्पंजसारखा हवेचा भाग दिसतो, त्याच्यावरच ते तरंगतं. खाली जांभळट काळी, पिसासारखी झुपकेदार मुळं लोंबत असतात आणि चिखलाशी काही संबंध नसतो. फूल फिकट जांभळं, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका. पिस्टिया या दुसऱ्या तरंगत्या वनस्पतीला असा देठच नसतो, पानं मखमली आणि उभ्या शिरांची, कोबीसारखी गोल बसलेली, त्यामुळे त्या दोघांत गफलत व्हायचं कारण नाही.

गफलत होते ती दाटीतल्या जलपर्णीत! रोपं एकमेकांना भिडली की देठ फुगायचं सोडून लांब आणि बारीक होतात, पानं कमरेएवढी उंच जातात, आणि मग बरेच जण म्हणतात हे वेगळंच झाड आहे. झाड तेच असतं, फक्त त्याला आडवी जागा संपलेली असते म्हणून ते वर चाललेलं असतं. माझ्या मते या छंदात शिकायची सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, कारण देठ बघून नुसती ओळख पटत नाही तर वाढ कुठवर आलीय तेही कळतं. फुगलेले बुटके देठ म्हणजे अजून पसरतेय, लांब बारीक देठ म्हणजे पसरून झालंय आणि आता जाडी वाढतेय.

हे आकड्यात बघायचं म्हणून दोन मापं घेत गेलो. एक म्हणजे काठावरच्या त्याच जागेवरून फोटो आणि त्यावर चौकटी आखून किती भाग झाकलाय ते मोजायचं, पण वारा नसताना, कारण वाऱ्याने सगळी रोपं एका कोपऱ्यात दाबली जातात आणि आहे तेवढीच जलपर्णी निम्मी वाटते. दुसरं म्हणजे पाइपची अर्धा मीटर बाय अर्धा मीटर चौकट पाण्यावर ठेवायची, आतली सगळी रोपं काढायची, थोडा वेळ निथळू द्यायची आणि वजन करायचं, आलेलं वजन चौपट केलं की एका चौरस मीटरचा आकडा मिळतो.

सुरुवातीला साधारण साडेचार चौरस मीटर झाकलेलं होतं, दोन आठवड्यांनी साडेआठ, पुढच्या दोन आठवड्यांनी सोळा, म्हणजे दुपटीचा वेग सरळ दिसतोय, आणि उबदार हवेत, खत भरपूर असलेल्या पाण्यात जलपर्णी एक-दोन आठवड्यांत दुप्पट होणं हे नेहमीचंच आहे. त्यानंतरच्या मापात सत्तावीस आलं आणि त्याच्या पुढच्या वेळी जेमतेम तीस. फक्त फोटो बघणाऱ्याला वाटेल वाढ थांबली, आता काही काळजी नाही. पण चौकटीतलं वजन त्याच काळात चार किलोवरून सहा किलोवर गेलं होतं, म्हणजे चौरस मीटरला १६ वरून २४ किलो. कडेच्या मोकळ्या रोपांचं वजन मात्र तेव्हाही अडीच किलोच होतं. देठ बघितले तर मधले सगळे लांब, कडेचे फुगलेले.

मग हा त्रास म्हणायचा का? ते ठरवायला पाण्यातला ऑक्सिजन बघावा लागतो आणि तो पहाटे बघायचा. दुपारी मोजून उपयोग नाही कारण उजेडात पाण्यातलं शेवाळ आणि बुडालेल्या वनस्पती ऑक्सिजन सोडत असतात, रात्रभर सगळेच तो वापरतात आणि उजाडायच्या सुमारास तो सगळ्यात खाली येतो. जलपर्णी स्वतःचा ऑक्सिजन बहुतेक वर हवेत सोडते, खाली उजेड जाऊ देत नाही, वारा पाण्याला लागू देत नाही, वर तिची कुजलेली पानं खाली पडून ऑक्सिजन खातात. माझ्याकडे मोकळ्या बाजूला पहाटे लिटरला ४.८ मिलिग्रॅम आणि दाट थराखाली १.९ आलं. पाचच्या वर असेल तर बहुतेक मासे आरामात असतात, तीनच्या खाली ताण पडतो, दोनच्या खाली बऱ्याच जातींना जीव वाचवणं कठीण. मीटर नसेल तर पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतायत का आणि ऊन चढल्यावर ते थांबतं का ते बघा, दोन्ही हो असेल तर ऑक्सिजनचाच प्रश्न समजा.

म्हणून माझी रेघ अशी आहे: निम्म्याच्या आत झाकलेलं, देठ फुगलेले आणि पहाटेचा आकडा ठीक असेल तर राहू द्या. मधले देठ लांब व्हायला लागले की टक्केवारी काही का असेना, काढायला सुरुवात करा.

काढताना सगळी एकदम काढली नाही. मुळं पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट ओढत असतात, ती सगळी गेली आणि ऊन सरळ खाली पडलं की तेच खत शेवाळाला मिळतं आणि पाणी हिरवंगार होतं. आधी मधला दाट भाग टप्प्याटप्प्याने काढला, शेवटी आठ चौरस मीटर तरंगत्या पाइपच्या वेढ्यात ठेवली. दोन आठवड्यांत ती दुप्पट होणार म्हणजे दर दोन आठवड्यांनी तेवढीच, अंदाजे ऐंशी किलो ओली, बाहेर काढावी लागणार, हा हिशोब जमत नसेल तर आणखी कमी ठेवा. औषध मारून जागेवर मारायला मी तयार नाही, तेवढा ढीग पाण्यातच कुजला तर ज्या ऑक्सिजनसाठी सगळं चाललंय तोच संपतो. काढलेली पाण्यापासून लांब वाळवायची, आणि नदी-नाल्यात तर कधीच नाही, आडव्या धावत्या फांदीला लागलेलं एक रोपसुद्धा पुरतं.

कमळाला ही रेघ लागू नाही. त्याचं पान गोल आणि अखंड, देठ बरोबर मधोमध, पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात, देठाला बारीक काटे. वॉटर लिलीच्या पानाला देठापर्यंत चीर असते. कोवळ्या कमळाची पहिली पानं पाण्यावरच सपाट पडतात त्यामुळे तेव्हा फसायला होतं, चीर आहे की नाही एवढं बघा, बस. कमळ चिखलातल्या कंदाने पसरतं म्हणून मी पानं मोजत नाही, उघड्या पाण्याकडे नवीन पान किती पुढे आलंय ते काठीची खूण लावून बघतो. आवरायचं असेल तर देठ पाण्याखाली कापा, पोकळ देठात पाणी शिरून कंदाला हवा मिळत नाही आणि तो भाग दुबळा होतो. नुसती विरळणी हवी असेल तर मात्र पाण्याच्या वर कापा.

आता लक्ष कडेच्या चिखलावर आहे. जलपर्णीचं फूल सुकलं की दांडा वाकून पाण्यात जातो, बी तळाला बसतं आणि कित्येक वर्षं जिवंत राहतं, पाणी उतरून चिखल उघडा पडला की उगवतं. त्या रोपाला फुगलेला देठ नसतो, पट्टीसारखी अरुंद पानं असतात आणि मुळं चिखलात, त्यामुळे गवत समजून सोडून दिलं जातं. ती तेव्हाच उपटायची, पाणी परत चढून ती सुटी होऊन तरंगायच्या आत.